अक्काला दोनच मार्क

नळाच्या सामानाच्या त्या दुकानात शिरलं की उजव्या हाताला बिलाचं टेबल लागायचं आणि टेबलामागे अक्का. चौतीस वर्षं. या काळात टेबल बदललं, पंखे दोनदा बदलले, रस्ता उंच होत होत दुकानाची एक पायरी जमिनीत गेली, पण अक्का काही जागची हलली नाही. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं कार्बन पेपरमुळे कायम निळी असत आणि ती साबणाने घासून काढायचा तिने कधी प्रयत्नही केला नाही. लग्नकार्यात सुद्धा ती तशाच बोटांनी जायची. कुणी विचारलंच तर म्हणायची, "कामाचा हात आहे, दिसू दे."

वडील अंथरुणाला खिळले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि भाऊ सोळा. दुकान बंद करा असं सगळे सांगत होते. अक्काने कुणाला न विचारता बिलाच्या खुर्चीत बैठक मारली. पुढे लग्नाचं दोनदा जमत आलं, दोनदा फिसकटलं, आणि मग लोकांनी विचारायचं सोडलं. तिलाही त्याचं फार काही वाटलं असं नाही, कारण दुकानात तिला सगळेच विचारत होते. नवीन रॅक कुठे लावू, कोणत्या कंपनीचा नळ ठेवू, मुलाला कुठल्या शाळेत घालू, बायकोला माहेरी किती दिवस पाठवू. भाऊ पन्नाशीला आला, डोक्यावरचे केस गेले, तरी घरातून निघताना बायकोला म्हणायचा, "अक्काला विचारतो आणि सांगतो." भावजय बिचारी शहाणी. तिने दुकानाची पायरी कधी चढली नाही आणि त्यामुळे नणंद-भावजयीचं पंचवीस वर्षं उत्तम जमलं.

मग भावाच्या मुलाचं लग्न झालं आणि सूनबाई आली.

सूनबाई वाईट असती तर बरं झालं असतं. अक्काने पहिले दोन महिने तिच्यात खोट शोधण्यात घालवले आणि हाती काही लागलं नाही. मुलगी कामसू, बोलायला गोड, एका कारखान्याच्या कचेरीत तीन वर्षं नोकरी केलेली. दुकानात यायला लागली ती आधी चार वाजेनंतर, मग दुपारपासून, मग सकाळपासूनच. गिऱ्हाईक "वहिनी" म्हणून तिच्याशी हसून बोलायला लागलं. हेही अक्काने गिळलं असतं. पण एक दिवस भाऊ काउंटरपाशी उभा राहून म्हणाला, "बाळ, त्या नवीन शॉवरचं काय करू या गं?" अक्काने सवयीने तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की ते बाळ म्हणजे आपण नव्हे. तिने उघडलेल्या तोंडाने जांभई दिली. त्या दिवसापासून तिच्या पोटात जे दुखायला लागलं ते कोणत्याच औषधाने थांबेना.

आता मत्सर म्हणजे काय तो अक्काकडूनच शिकावा. सूनबाईने भाऊचा चष्मा पुसून दिला की अक्काला तो आणखी घाण झालेला दिसायचा. सूनबाईने टेबलावरची धूळ झटकली की अक्काला शिंक यायची. सूनबाई एकदा दोन दिवस आजारी पडली तेव्हा अक्का इतकी खुशीत होती की तिने स्वतःहून तिला फळं पाठवली, आणि भाऊ म्हणाला, "अक्काचा किती जीव आहे बघा तिच्यावर." यावर काय बोलणार, कप्पाळ.

अशात संगणकाचं निघालं. कर सल्लागार गेली दोन वर्षं भाऊच्या मागे लागला होता की हाताची बिलं बंद करा, मला दर महिन्याला ही चळत वाचत बसायला वेळ नाही. मोठी गिऱ्हाइकं छापील बिल मागायची. मुलगा म्हणायचा आणू, भाऊ म्हणायचा बघू, अक्का म्हणायची गरज काय. असं ते तीन टोकांना धरून ठेवलेल्या चादरीसारखं लोंबकळत होतं. सूनबाई म्हणाली, "भांडायच्या ऐवजी आपण एकदा मांडून बघू या ना. कचेरीत आम्ही असंच करायचो."

सुट्टीच्या वारी सकाळी शटर अर्धं खाली ओढून चौघं दुकानात जमले. सूनबाईने माल बांधायच्या खाकी कागदाचा एक लांबलचक ताव भिंतीला चिकटवला आणि मधोमध उभी रेघ मारली. रेघेवर लिहिलं, "आज : हाताने बिल." कागदाच्या उजव्या टोकाला लिहिलं, "उद्या : संगणकावर बिल."

"पुस्तकात याला बलक्षेत्र विश्लेषण म्हणतात," ती म्हणाली.

"अगं बाई," अक्का म्हणाली, "एवढं मोठं नाव घेऊन बिल करायचं?"

सगळे हसले. सूनबाईही हसली, आणि ते अक्काला आवडलं नाही.

"नाव सोडा हो आत्या. साधं आहे. ही रेघ आहे तिथेच का उभी आहे? तर डावीकडून काही गोष्टी तिला उजवीकडे ढकलतायत, आणि उजवीकडून काही गोष्टी तिला मागे रेटतायत. दोन्हीकडचा जोर जुळलाय, म्हणून आपण अडकलोय. तर आधी दोन्हीकडचे जोर लिहायचे, मग प्रत्येकाला एक ते पाच मार्क द्यायचे. हे काही काट्यावरचं वजन नव्हे, आपला अंदाज. पण अंदाज खरा सांगायचा, एवढंच."

डाव्या बाजूला भराभर बाण निघाले. छापील बिल मागणारी गिऱ्हाइकं, चार. कर सल्लागाराची कटकट संपेल, चार. कुठला माल संपत आलाय ते आपोआप कळेल, तीन. मुलाला संगणक चांगला येतो, दोन. बिलावरचं अक्षर न लागल्यामुळे होणारे घोळ थांबतील, दोन. हा शेवटचा बाण मुलाने सांगितला आणि लगेच आत्याकडे बघून जीभ चावली. अक्काचं अक्षर खरं तर वाईट नव्हतं, फक्त ते तिलाच लागायचं. बेरीज झाली पंधरा. सूनबाई मार्कांप्रमाणे बाण लांब किंवा आखूड काढत होती, पाचाचा लांब, एकाचा बोटभर.

मग उजवी बाजू. वीज जाते, पाच. सकाळच्या गर्दीत टाइप करायला वेळ लागेल, चार. भाऊचे डोळे, बारीक अक्षर दिसत नाही, तीन. खर्च, तीन.

इथे सूनबाई थांबली. खडू हातात घोळवत, कुणाकडे न बघता ती हळूच म्हणाली, "आणि... आत्यांना नको असणं. ते लिहायला हवं ना? त्यांची खुर्ची आहे ती."

  लपवाछपवी नको, अक्काला हेच तर हवं होतं. चौतीस वर्षांची खुर्ची म्हणजे पाच मार्क, त्याखाली काय येतात? तिने पदर नीट केला आणि भावाकडे बघितलं. भाऊने बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला आणि अत्यंत प्रेमाने म्हणाला,

"अक्का? छे, ती समजूतदार आहे. दोन द्या."

दोन.

सूनबाईने विचारलं, "नक्की?" भाऊ म्हणाला, "माझी बहीण मला माहीत नाही होय?" आणि खाकी कागदावर वितीपेक्षाही आखूड असा एक बाण उमटला. त्याच्या वर वीज जाते, पाच, तिचा बाण कागदाच्या कडेला टेकला होता. गेलेल्या विजेला पाच मार्क आणि अक्काला दोन. भावाच्या डोळ्यांना तीन. अक्काला त्या क्षणी विजेचा, भावाच्या चष्म्याचा, कुणाकुणाचा म्हणून हेवा वाटला ते सांगता सोय नाही. तिच्या अंगाचा तिळपापड झाला आणि चेहऱ्यावर मात्र समजूतदार हसू होतं, कारण भावाने आत्ताच तसं जाहीर केलं होतं.

"आणि शेवटचं, मालाची नावं संगणकात भरणं," सूनबाई म्हणाली. "कंपनीच्या वितरकाकडून तयार यादी मिळते, ती जशीच्या तशी चढवता येईल. पण आपल्या दुकानात नावं जरा वेगळी आहेत. आत्या, हे तुम्हीच सांगू शकाल. किती द्यायचे?"

नावं जरा वेगळी. इथे दोन शब्द सांगायला हवेत. त्या दुकानात मालाची नावं कंपनीने ठेवलेली नव्हती, वडिलांनी ठेवली होती आणि मागाहून अक्काने. हिरव्या मुठीचा व्हॉल्व्ह म्हणजे पोपट. एकाच बाजूने पाणी जाऊ देणारा, परत फिरू न देणारा व्हॉल्व्ह म्हणजे सासू. पितळेचा महागडा जोड, जो हळुवार हाताळावा लागतो, तो जावई. नुसतं पोपट म्हटलं की पाऊण इंची, धाकटा पोपट म्हणजे अर्धा इंची, थोरला एक इंची. सासूचंही तसंच. परिसरातले सगळे प्लंबर हीच नावं घेऊन माल मागत, आणि कुठल्या नावाचा कुठला माल, कुठला आकार, कुठल्या खणात, हे सगळं लिहिलेलं एकाच जागी होतं. ती जागा अक्काच्या डोक्यात होती. भाऊला निम्मी नावं यायची, मुलाला पाव. वितरकाच्या यादीत पोपट कुठला सापडायला? हा बाण पाचाचा होता. पाचाच्या वर मार्क असते तर तितक्याचा होता.

अक्काने सूनबाईकडे बघितलं. ती खडू धरून वाट बघत होती. तिला खरंच विचारायचं होतं आणि जे सांगितलं जाईल ते ती खरं मानणार होती.

"दे एक," अक्का म्हणाली. "त्यात काय अवघड आहे."

उजवीकडची बेरीज झाली अठरा. पंधरा विरुद्ध अठरा. मुलगा म्हणाला, मग डावीकडे जोर वाढवू, जाहिरात करू, नवा चकचकीत संगणक आणू. सूनबाईने मान हलवली. "इकडून आणखी ढकललं की तिकडून लोक आणखी रेटतात. ताण वाढतो, रेघ हलत नाही. त्यापेक्षा मागे रेटणारे जोर कमी करायचे, मग रेघ आपसूक सरकते." आणि ती एकेक बाण घेत गेली. विजेसाठी बॅटरी बसवली की पाचाचे एक. पडद्यावर अक्षर मोठं केलं की भाऊच्या डोळ्यांचे तीनाचे एक. गर्दीच्या दोन तासांत बिल हातानेच करायचं आणि बाकी वेळ संगणकावर, म्हणजे चाराचे दोन. नवा संगणक न आणता घरातला जुनाच वापरायचा, तीनाचे दोन. आत्यांचे दोन आहेतच, नावांचा एक आहेच, त्यांना काही करायला नको. बेरीज नऊ. पंधरा विरुद्ध नऊ.

"झालं तर मग," भाऊ म्हणाला. "गुरुवारपासून चालू."

म्हणजे अक्कासाठी काही करायलाच नको होतं. बॅटरीला पैसे, चष्म्याला मोठी अक्षरं, आणि अक्काला काही नको. पहिले पंधरा दिवस संगणकावरचं प्रत्येक बिल तिने आपल्या पुस्तकात हातानेही लिहायचं, रात्री दोन्ही ताडून बघायचं, एवढं काम तिच्या वाटणीला आलं. टेबलाच्या मधोमध संगणक आला, आणि अक्काची खुर्ची सरकून टेबलाच्या टोकाला, फुलांच्या कुंडीपाशी गेली. कुंडी प्लास्टिकची होती.

बुधवारी दुपारी दुकानात कुणी नव्हतं. सूनबाई भाऊबरोबर बॅटरी आणायला गेली होती, आणि दोघं निघताना कशावर तरी खळखळून हसली होती. अक्का बराच वेळ भिंतीवरच्या खाकी कागदाकडे बघत बसली. मग तिने बिलाचं पुस्तक पुढे ओढलं, कोऱ्या पानावर उभी रेघ मारली आणि रेघेवर लिहिलं, "सूनबाई दुकानात." आलं होतं तिलाही ते, एका बैठकीत. डावीकडे तिने लिहिलं, भाऊला आवडते, पाच. हुशार आहे, चार. गिऱ्हाइकाशी गोड बोलते, चार. दमत नाही, तीन. माझ्या पाया पडते, दोन. लिहिताना प्रत्येक मार्क तिला स्वतःच्या खिशातून दिल्यासारखा वाटत होता, पण अंदाज खरा सांगायचा असतो, तिने खरा सांगितला. मग ती उजव्या बाजूला आली. खूप विचार केला. पेनाचं टोपण चावलं. उजवीकडे एकच बाण निघाला. त्यावर तिने लिहिलं, "मी." आणि पुढे मार्क लिहिले, पाच. लिहून झाल्यावर तिला स्वतःचीच इतकी लाज वाटली की तिने पान टराटरा फाडलं, चुरगळलं आणि नेऊन नाल्यात टाकलं.

गुरुवारी गर्दी ओसरल्यावर, अकराच्या सुमाराला संगणक सुरू झाला. पहिलाच आला तो टक्कल पडलेला प्लंबर, ज्याला सगळे मामा म्हणत. तीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक. त्याच्या कानाला फोन होता, एका मोठ्या इमारतीचं पाणी बंद करून आला होता आणि तिथले लोक त्याला फोनवर हैराण करत होते. फोनवर हात ठेवून तो म्हणाला, "चार पोपट, एक सासू," आणि पुन्हा फोनवर बोलायला लागला.

पोपट म्हणजे हिरवी मूठ एवढं सूनबाईला ऐकून ठाऊक होतं, तिने हिरव्या मुठीचा व्हॉल्व्ह म्हणून शोधलं. पडद्यावर खालपर्यंत एकसारख्या दिसणाऱ्या नावांची ओळ आली. तिने पहिलं नाव निवडलं, अर्धा इंची, आणि थबकली. मामाला विचारू गेली तर मामा पाठ करून बोलत होता. मग तिने अक्काकडे बघितलं. नुसतं बघितलं, भुवया उंचावून.

अक्का आपल्या पुस्तकात लिहीत होती. तिने लिहिलं, "पोपट ४, पाऊण." सूनबाईची नजर तिला कपाळावर जाणवत होती. मान वर करून दोन शब्द बोलायचे होते. पाऊण इंची. एवढंच. पण त्याच वेळी भाऊ मागून म्हणाला, "कर गं बाळ, तू बरोबरच करशील," आणि अक्काने मिठाची गुळणी धरली. सूनबाईने सासूही अर्धा इंचीच निवडली आणि बिल छापून आलं. बिलावर होतं ते बघून मुलाने चार धाकटे पोपट आणि एक धाकटी सासू पिशवीत घातली. अक्काच्या डोळ्यांदेखत घातली. या दुकानातून बांधून दिलेला माल मामाने तीस वर्षांत कधी उघडून पाहिला नव्हता. तो पिशवी उचलून गेला.

दुपारी दीडला परत आला. ओरडला नाही, ओरडला असता तर बरं. त्याने पिशवी काउंटरवर ठेवली. "भाऊ, अर्धा इंची दिलेत. चौथ्या मजल्यावर जाऊन उघडले. अख्खी इमारत सकाळपासून कोरडी, वर एक म्हातारं माणूस आजारी आहे, खालून मुलं बादल्या वाहतायत आणि लोक मला नाही नाही ते बोलले. तीस वर्षांत या दुकानातून चुकीचा माल आला नव्हता."

भाऊने हात जोडले. पन्नास वर्षांचा माणूस, वडिलांच्या दुकानात उभा राहून हात जोडतोय हे अक्काने कधी पाहिलं नव्हतं. वडिलांनी तरी कधी जोडले असतील का, कोण जाणे. सूनबाईचा चेहरा पांढराफटक पडला होता. अक्काला वाटलं होतं आता बरं वाटेल. अकरापासून ती त्या क्षणाचीच वाट बघत होती. पण बरं काही वाटेना. 

मामाला बरोबर माल देऊन मुलगा स्वतः त्याच्याबरोबर गेला, मदतीला. दुकानात तिघं उरली.

"हाताच्या बिलात काय आहे बघू," सूनबाई म्हणाली, आणि अक्का काही म्हणायच्या आत तिने पुस्तक ओढून पानं उलटायला सुरुवात केली. गिऱ्हाइकाचं पान फाटून जातं, खाली कार्बनची निळी प्रत पुस्तकातच राहते. चौतीस वर्षं अक्काने हेच केलं होतं. इतकं केलं होतं की बुधवारी दुपारी वरचं पान फाडून नाल्यात टाकताना पानाखाली कार्बन आहे हे तिच्या मनालाही शिवलं नाही. सूनबाईचा हात एका पानावर थांबला. त्या पानावर उभी रेघ होती, निळी, डावीकडे पाच बाण आणि उजवीकडे एक.

ती वाचत होती. अक्काला पळून जावंसं वाटलं, पण पळायला तिला दुसरी जागाच नव्हती, होती ती हीच खुर्ची. सूनबाईने आणखी पानं उलटली. मग आजचं, मामाच्या बिलाचं पान आलं. "पोपट ४, पाऊण." त्यावरही तिची नजर थांबली, आणि तिला सगळं कळलं हे अक्काला कळलं.

"काय लिहिलंय अक्काने?" भाऊने विचारलं.

सूनबाईने पुस्तक मिटलं. ती भिंतीपाशी गेली, खडू घेतला आणि नावांपुढचा एक खोडून पाच केले. मग आत्यांचे दोन खोडून पाच केले. दोन्ही बाण पुसून कागदाच्या कडेपर्यंत लांब ओढले.

"माझं मोजण्यात चुकलं बाबा," ती म्हणाली. "दोन्ही गोष्टी मी फार हलक्या धरल्या. आता होतात सोळा. पंधराला सोळा. रेघ हलणार नव्हतीच."

ती असं बोलली आणि अक्काचा उरलासुरला आधारही गेला. पोरगी रागावली असती, पुस्तक भावापुढे आपटलं असतं, तर भांडता आलं असतं. आता या चांगुलपणाचाही हेवा करायचा म्हणजे अती झालं. आणि अक्काला तोही वाटला, तेवढ्यातही वाटला. हे आपल्याला का नाही सुचलं, असा.

"तिचं चुकलं नाही," अक्का म्हणाली.  "नावांना एक मी सांगितला. पाच आहेत हे ठाऊक असून सांगितला. आणि सकाळी पिशवीत धाकटे पोपट जाताना मी बघत होते."

भाऊला ते कळायला वेळ लागला.  मग म्हणाला, "का गं अक्का?"

"तू मला दोन मार्क दिलेस म्हणून."

"अगं, कौतुकाने दिले होते. तू आडवी येणार नाहीस म्हणून."

"ठाऊक आहे. विचारलं नाहीस मात्र."

भाऊ खुर्ची ओढून बसला आणि चष्मा काढून हातात धरून राहिला.  त्याने सूनबाईला विचारलं, "मग आता संगणक परत बांधून ठेवायचा का?"

सूनबाई म्हणाली, "ते मी नाही सांगू शकत. बॅटरी आणली, अक्षरं मोठी केली, पण राहिलेले दोन बाण आहेत ना, ते बाहेरून ढकलून कमी होणारे नाहीत. ज्यांचे आहेत त्यांनाच विचारा."

भाऊने मान वळवली. चौतीस वर्षांत हजारदा वळवली असेल तशी, पण गेल्या आठ महिन्यांत एकदाही नाही. "अक्का, काय करू?"

हेच हवं होतं. सगळं याच्यासाठीच होतं. आणि ते मिळालं तेव्हा समोर चुकीच्या पोपटांची पिशवी होती. अक्काने ती उचलून खाली ठेवली. मग खुर्ची कुंडीपासून ओढत संगणकाच्या बाजूला, सूनबाईच्या खुर्चीला लागून आणली. खुर्चीच्या पायांचा आवाज झाला जमिनीवर.

"बस," ती सूनबाईला म्हणाली. "लिही. पोपट. पुढे कंपनीचं नाव लिही. पाऊण इंची, डावीकडचा तिसरा खण. खाली धाकटा पोपट."

पाच आठवडे लागले. रोज दुपारी अक्का सांगायची, सूनबाई टाइप करायची, आणि मध्येच थांबून विचारायची की याला जावई का म्हणतात, मग अक्का वडिलांची गोष्ट सांगायची. कधी सूनबाई जास्तच भरभर टाइप करायची तेव्हा अक्काचं पोट जुन्या सवयीने दुखायचंच, खोटं कशाला सांगा. त्या दुखण्याला पुरतं औषध नाही. मामा मात्र दुसऱ्याच आठवड्यापासून पुन्हा यायला लागला, पण आता काउंटरवर पिशवी उघडून एकेक नग बघूनच जायचा. प्रत्येक वेळी अक्का तोंड दुसरीकडे फिरवायची.

सगळी नावं भरून झाली त्या दिवशी सूनबाई खडू घेऊन खाकी कागदापाशी उभी राहिली. नावांचे पाच पुसून एक केला. मग वळून म्हणाली, "आत्या, तुमचे किती लिहू?"

भाऊ काउंटरवरून म्हणाला, "शून्य कर आता."

"तू गप्प बस. मला विचारलंय," अक्का म्हणाली. तिने आपल्या निळ्या बोटांकडे बघितलं, जी गेल्या महिन्यात जरा फिकी पडायला लागली होती.

"दोन लिही," ती म्हणाली. "शून्य झाले तर मला कोण विचारणार?"